वाटणीपत्रात आत्याचं नाव आहे, सही नाही. तिला पैसे मागता येतात का?

सायली_वाई
नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. विषय घरचा आहे, त्यामुळे नावं टाळते.

माझे आजोबा १९९६ मध्ये गेले. त्यांच्या मागे बाबा, थोरले काका आणि आत्या. आत्याने लग्न केलं नाही. आजोबांचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं. १९९९ मध्ये बाबा आणि काकांनी जमीन आणि जुन्या घराचं वाटणीपत्र केलं, रीतसर रजिस्टर. त्यात पक्ष नंबर १ काका, पक्ष नंबर २ बाबा. आत्या पक्षकार नाही. सगळे रजिस्ट्रार कचेरीत गेले होते त्या दिवशी ती घरी सगळ्यांचा स्वयंपाक करत होती, हे ती अजून सांगते.

मात्र सातव्या कलमात तिचं नाव आहे. बाबांच्या प्रतीवरून जसंच्या तसं लिहिते, फक्त नाव गाळून: "आमची अविवाहित भगिनी हिचे अन्नवस्त्राकरिता पक्ष नं. १ व पक्ष नं. २ यांनी प्रत्येकी दरमहा रु. १,५००/- दर महिन्याचे ५ तारखेचे आत तहहयात देणेचे आहेत. तसेच घरातील माजघरालगतची खोली तिचे राहणेस तहहयात ठेवणेची आहे." ती खोली काकांच्या वाटणीला आलेल्या भागात आहे.

काकांनी एकही महिना चुकवला नाही. ते नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले. चुलतभावाने मार्च २०२२ पर्यंत पैसे दिले आणि मग बंद केले. विचारलं तर म्हणाला, "मी कुठे सही केली आहे? आणि आत्या तरी त्या करारात कुठे आहे? करार दोघा भावांचा होता." ओळखीच्या एका वकिलांनीही फोनवर हेच सांगितलं, की त्रयस्थाला करारावर दावा करता येत नाही. आत्या आता ७१ वर्षांची आहे. ज्या कागदात तिचं नाव आहे, तो कागद तिच्या उपयोगाचा नाही, हे खरं आहे का?

नाना_तासगाव
वकील बरोबर बोलले. जो करारात नाही त्याला दावा नाही. आमच्या सोसायटीच्या कर्जात मी हे भोगलं आहे. तुमच्या बाबांनी दावा लावावा, ते पक्षकार आहेत. आत्याबाईंना उभं राहता येणार नाही.

अनघा_प
माझ्याकडे असंच झालंय. सासऱ्यांच्या विमा पॉलिसीत नॉमिनी म्हणून माझ्या मिस्टरांचं नाव होतं आणि दीर म्हणतात सगळ्यांचा हिस्सा. नाव ज्याचं त्याचे पैसे नाहीत का?

सायली_वाई
अनघाताई, तो प्रश्न वेगळा वाटतो. इथे कोणाच्या मृत्यूनंतर मिळायच्या रकमेचं भांडण नाही. दोघांनी मिळून तिसऱ्या माणसाला दरमहा द्यायचं कबूल केलं होतं.

दिवाणी_बाक
तीस वर्षं तालुक्याच्या दिवाणी कोर्टात काम केलं, आता घरी असतो. सायलीताई, फोनवर सांगितलेला नियम खरा आहे, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा नेमका तुमच्या आत्याबाईंसाठीच तयार झाला आहे.

नियम असा, की कराराची अंमलबजावणी करारातल्या पक्षकारांनीच मागायची. तो इंग्लंडमधून आला. १८६१ मध्ये तिथे एक खटला झाला होता. मुलाचा बाप आणि मुलीचा बाप यांनी आपसात लिहून ठेवलं, की नवरा मुलाला एकाने १०० पौंड आणि दुसऱ्याने २०० पौंड द्यायचे. मुलाला हे पैसे कोर्टातून मागता येतील, असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. दोघे बाप वारले, पैसे आले नाहीत, मुलाने सासऱ्याच्या वारसव्यवस्थापकावर दावा लावला आणि हरला. तो करारात नव्हता आणि त्याने स्वतः मोबदला दिला नव्हता, एवढ्यावर.

आपल्याकडे मोबदल्याची अडचण पहिल्यापासूनच कमी आहे. १८७२ च्या करार कायद्यात मोबदला "वचन घेणाऱ्याने किंवा दुसऱ्या कोणीही" दिला तरी चालतो. पण दावा कोणी लावायचा हा प्रश्न उरतोच, आणि कुटुंबाच्या बाबतीत तो १९१० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या आपल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, सोडवला. ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध हुसैनी बेगम. लग्न ठरलं तेव्हा मुलगा आणि मुलगी दोघंही अज्ञान. मुलाच्या वडिलांनी मुलीच्या वडिलांशी २५ ऑक्टोबर १८७७ रोजी करार केला, की सुनेला पानदानाच्या खर्चासाठी दरमहा ५०० रुपये कायमचे देईन, आणि त्यासाठी ठरावीक मिळकती बांधून दिल्या. पुढे १८९६ मध्ये ती नवऱ्याचं घर सोडून गेली. थकबाकी मागितली तेव्हा सासरे म्हणाले, ही करारात नाही, सबब हिला हक्क नाही. तुमच्या चुलतभावाचं वाक्य तेच आहे. कौन्सिलने ते फेटाळलं. ज्या समाजात मुलांची लग्नं आईबाप ठरवतात आणि करारही तेच करतात, तिथे हा इंग्रजी नियम तसाच लावला तर फार मोठा अन्याय होईल, असं म्हटलं आणि बेगमला तिच्या स्वतःच्या नावाने पैसे मिळाले.

टिकमार्क
पाचशे रुपये महिना, १८७७ मध्ये, विड्यासाठी! आमच्या आजीला पानाला चार आणे मिळायचे आणि त्यातही ती साठवायची.

नाना_तासगाव
तो नवाबांचा आणि लग्नाचा मामला आहे. इथे वाटणीपत्र आहे. शिवाय त्यात मिळकत बांधून दिली होती असं तुम्हीच लिहिलंत.

दिवाणी_बाक
नाना, दोन्ही मुद्दे रास्त आहेत. दुसऱ्याकडे नंतर येतो.

वाटणीपत्राचीही उदाहरणं आहेत आणि ती सायलीताईंच्या घरासारखीच आहेत. त्याच सुमारास मद्रास उच्च न्यायालयाकडे प्रकरण आलं. दोन भावांनी वाटणी करताना ठरवलं होतं, की आईच्या पोटगीसाठी दोघांनी सारखी रक्कम गुंतवायची. आई वाटणीत पक्षकार नव्हती, तरी तिला ते मागण्याचा हक्क आहे असं ठरलं. थोड्याच वर्षांनी त्याच न्यायालयात घरातल्या मुलीच्या लग्नखर्चाची तरतूद वाटणीत होती, तिथेही तेच. मुंबईत १९२४ मध्ये वडिलांनी मुलीच्या वतीने लग्नाचा करार केला आणि वराने तो मोडला, तेव्हा मुलीला स्वतः दावा लावता येईल असं आपल्या उच्च न्यायालयाने म्हटलं. म्हणजे हा अपवाद नवाबांपुरता नव्हता.

आणि नुसत्या निकालांवर अवलंबून राहायचीही गरज नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३, कलम १५, खंड क. कराराची विशिष्ट अंमलबजावणी कोण मागू शकतो याची यादी त्या कलमात आहे. करार विवाहसंबंधी व्यवस्थेचा असेल, किंवा एकाच कुटुंबातल्या माणसांमधल्या संशयास्पद हक्कांची तडजोड असेल, तर त्याखाली लाभ मिळणारी कोणतीही व्यक्ती दावा लावू शकते. तिने सही केलेली असावी अशी अट तिथे नाही.

लेस्टरकर
मी वीस वर्षं लेस्टरला आहे, वकील नाही, पण इथली एक गोष्ट सांगतो कारण ती फारच जवळची आहे. एका कोळसा व्यापाऱ्याने धंदा पुतण्याला दिला. बदल्यात पुतण्याने काकांना तहहयात आठवड्याला साडेसहा पौंड आणि काकांच्या मागे काकूला आठवड्याला पाच पौंड द्यायचे. काका गेले. पुतण्याने काकूला एकदाच पाच पौंड दिले आणि बंद केले. बेसविक खटला, हाउस ऑफ लॉर्ड्स, १९६७. काकू जिंकली, पण का? ती नवऱ्याच्या मालमत्तेची व्यवस्थापक होती, म्हणून नवऱ्याच्या जागी उभी राहून. स्वतःच्या नावाने तिला हक्क नव्हता. पुढे १९९९ मध्ये कायदा बदलला. आता इथे करारात ज्याला लाभ द्यायचा हेतू दिसतो, त्याला बहुधा दावा लावता येतो. तिकडे भारतात १९१० मध्येच बेगमला मिळालं होतं, हे वाचून बरं वाटलं.

नाना_तासगाव
म्हणजे मी म्हटलं तेच झालं की. तिथे काका गेले म्हणून काकू त्यांच्या जागी उभी राहिली. इथे बाबा हयात आहेत. बाबांनी लावावा दावा.

दिवाणी_बाक
नाना, बाबांना लावता येईल हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. चूक आहे ते "बाबांनीच". आणि व्यवहारात मी एक पाहिलं आहे. आत्याबाई वादी आणि भाऊ साक्षीदार असला की कोर्टापुढे चित्र स्वच्छ राहतं. भाऊ वादी झाला की समोरचा लगेच त्याच्या जमिनीच्या जुन्या तक्रारी काढतो, बांध, विहिरीची पाळी, आणि पाचशे पानांत आत्या कुठेतरी हरवते.

खाचर
वकीलसाहेब, मग नाव असलं की झालं का? आमच्या वाटणीपत्रात लिहिलं होतं की सोसायटीचं कर्ज धाकट्याने फेडायचं. सोसायटीने म्हणायचं का, आमचं नाव आहे, आम्ही हे कलम दाखवून धाकट्याकडून वसूल करणार?

दिवाणी_बाक
खाचर, नाही, आणि याच प्रश्नाने मर्यादा कळते. सुप्रीम कोर्टापुढे १९६९ मध्ये अगदी हेच आलं होतं, एम. सी. चाको विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर. केरळातल्या कुटुंबाच्या व्यवस्थापत्रात लिहिलं होतं, की बँकेचं देणं अमुक मुलाने त्याला मिळालेल्या मिळकतीतून भागवावं. बँक त्यावर बोट ठेवून म्हणाली, बघा, आमच्यासाठी बोजा निर्माण झाला. कोर्ट म्हणालं, तुम्ही करारात नाही. ती ओळ घरातल्या माणसांनी आपसात देणं कोणी सोसायचं हे ठरवण्यासाठी आहे, बँकेला हक्क देण्यासाठी नाही. त्याच निकालात कोर्टाने मूळ नियम मान्य केला, आणि विश्वस्त व्यवस्था व कौटुंबिक व्यवस्था हे त्याचे अपवाद आहेत हेही मान्य केलं.

तेव्हा नुसतं नाव असून भागत नाही. ओळ कोणासाठी लिहिली आहे ते बघायचं. सोसायटीची ओळ दोघा भावांच्या सोयीची. आत्याबाईंची ओळ आत्याबाईंसाठी, "अन्नवस्त्राकरिता", "तहहयात", "तिचे राहणेस". यातून दुसऱ्या कोणाचा फायदा काढताच येत नाही.

मुग्धा_नाशिक
सायली, ती ७१ वर्षांची आहे ना? मग हे सगळं कशाला? ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडे अर्ज कर. माझ्या शेजारच्या आजोबांना काही महिन्यांत आदेश मिळाला. वकीलही लागला नाही.

दिवाणी_बाक
मुग्धाताई, शेजारच्या आजोबांनी मुलाविरुद्ध अर्ज केला असणार. २००७ च्या त्या कायद्यात अपत्य नसलेल्या ज्येष्ठाला नातेवाइकाकडे मागता येतं, पण नातेवाईक म्हणजे जो तिची मिळकत धरून आहे किंवा तिच्यामागे ती मिळकत त्याला मिळणार आहे असा वारस. कागदोपत्री आत्याबाईंच्या नावावर काहीच नसेल तर भाचा पहिला मुद्दा हाच काढेल. अर्ज करू नये असं म्हणत नाही. फक्त त्याच एका दोरीवर सगळं टांगू नका.

अनघा_प
कागदोपत्री काही नाही म्हणजे काय? आजोबांची मुलगी ना ती? तिचा हिस्साच नव्हता का?

दिवाणी_बाक
अनघाताई, तुम्ही या धाग्यातला सर्वांत मोठा प्रश्न विचारलात. मी तिकडेच येत होतो. सायलीताई, जमीन आजोबांची स्वकष्टाची की वाडवडिलांची? आणि आत्याबाईंचं वय १९९४ मध्ये काय होतं?

सायली_वाई
पणजोबांपासूनची. १९९४ मध्ये आत्या चाळीस वर्षांची होती. लग्न कधीच केलं नाही.

दिवाणी_बाक
मग नीट वाचा. महाराष्ट्राने देशाच्या अकरा वर्षं आधी, २२ जून १९९४ पासून, हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. मुख्य अट अशी, की मुलीचं लग्न त्या तारखेआधी झालेलं नसावं. आत्याबाई त्यात बसतात. म्हणजे १९९९ ला दोघा भावांनी कागद केला तेव्हा त्या खरं तर तिसऱ्या भागीदार होत्या. वाटणीतून त्यांना वगळलं आणि बदल्यात सातवं कलम लिहिलं. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तेव्हा गावात बहुतेकांना तो कायदा ठाऊकच नव्हता.

याचे दोन परिणाम होतात. एक, आत्याबाईंचा हक्क संशयास्पद होता किंवा खरा होता आणि तो या कागदाने मिटवला, त्यामुळे मी वर सांगितलेल्या कलम १५ मध्ये हे प्रकरण चपखल बसतं. "कुटुंबातल्या हक्कांची तडजोड" नव्हतीच, असं भाच्याला म्हणता येणं अवघड.

दोन, कोणी म्हणेल मग सरळ तिसरा हिस्साच मागा. तिथे मात्र सावध. वगळलं गेल्याचं कळल्यापासून बारा वर्षांत हिस्सा मागावा लागतो, आणि वाटणी झाली हे त्यांना १९९९ पासून माहीत आहे, तेवीस वर्षं त्या त्याच कागदाचे पैसे घेत होत्या. शिवाय एकाच कागदाचं सातवं कलम मागायचं आणि तोच कागद मला बांधत नाही म्हणायचं, हे कोर्टापुढे टिकवणं कठीण. यावर माझ्याच पिढीतले वकील माझ्याशी वाद घालतील. फाइल पाहणाऱ्याने ठरवावं.

टिकमार्क
म्हणजे हिश्श्याची मालकीण असताना तिला तीन हजार महिना देऊन बसवलं. वाचून वाईट वाटलं. आमच्या घरीही आत्यांनी साडीचोळीवर हक्कसोड लिहून दिलं आहे.

सायली_वाई
हे बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आम्हाला वाटलं होतं आपण तिची सोय करतोय.

खाचर
भाच्याने स्वतः सही केलेली नाही, त्याचं काय? बापाने कबूल केलं ते मुलावर कसं?

दिवाणी_बाक
करार कायद्याचं कलम ३७. वचन देणारा वारला तर ते त्याच्या वारसांवर बांधून असतं, करारातून उलट हेतू दिसत नसेल तर. इथे "तहहयात" आत्याबाईंच्या आयुष्याला जोडलेलं आहे, काकांच्या नाही. पण भाच्याची जबाबदारी बापाकडून जे मिळालं तेवढ्यापुरतीच. त्याच्या पगाराला हात लागत नाही. काकांच्या वाटणीची जमीन त्याच्या नावावर लागली असेल तर दरमहा दीड हजार त्यातून निघायला काहीच हरकत नाही. आणि बाप गेल्यावरही त्याने मार्चपर्यंत दिले, म्हणजे त्याला हे देणं माहीत होतं. याचा पुरावा आहे का?

सायली_वाई
आहे! आत्याकडे एक शंभर पानी वही आहे, मळलेली, पुठ्ठ्याला दोरा बांधलेला. १९९९ पासून दर महिन्याला एक ओळ. "दादा, १५००, ता. ४." पुढे काकांची आद्याक्षरं. काका हट्टाने स्वतः लिहायचे. २०१७ पासून ते बँकेत भरायला लागले, मग ती पासबुकातून उतरवून घ्यायची. शेवटच्या चार ओळी डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२, चुलतभावाच्या खात्यातून. त्याच्या खाली तिने एप्रिलची तारीख टाकून पुढे जागा कोरी ठेवली आहे. मग मे. मग जून. तारखा टाकल्या आहेत, रक्कम नाही. आजतागायत.

मुग्धा_नाशिक
ही वही जपून ठेव ग. झेरॉक्स काढ आज.

दिवाणी_बाक
झेरॉक्स काढा आणि मूळ वही कोणाच्याही हातात देऊ नका, माझ्यासारख्या वकिलाच्याही नाही, पोच घेतल्याशिवाय. अशी वही मी तीस वर्षांत दोनदाच पाहिली.

आता हिशेब. आज १० ऑगस्ट २०२५. एप्रिल २०२२ ते ऑगस्ट २०२५ असे ४१ हप्ते थकले, ६१,५०० रुपये. हिंदू पोटगीच्या थकबाकीला मुदत तीन वर्षं, प्रत्येक हप्त्याची वेगळी, तो देय झाल्यापासून. आज दावा दाखल झाला असं धरा, तर सप्टेंबर २०२२ पासूनचे ३६ हप्ते जिवंत, ५४,००० रुपये. एप्रिल ते ऑगस्ट २०२२ चे पाच हप्ते, ७,५०० रुपये, गेले. आणि पुढे दर महिन्याच्या ५ तारखेला एक नवा हप्ता देय होतो आणि मागचा एक बुडतो. तेव्हा नोटिशीतच वर्ष घालवू नका.

आता नानांचा दुसरा मुद्दा, बेगमच्या प्रकरणात मिळकत बांधून दिली होती. त्याला महत्त्व आहे. सातव्या कलमाच्या पुढे-मागे "सदर रकमेचा बोजा पक्ष नं. १ चे वाटणीचे मिळकतीवर राहील" असं काही आहे का? असेल तर बोजाच्या पैशाला मुदत बारा वर्षांची, ते पाच हप्तेही परत येतात. शिवाय भाच्याने जमीन विकली तर बोजाची कल्पना असलेल्या खरेदीदाराच्या मागे जाता येतं. नसेल तरी आत्याबाई हरत नाहीत. हात आखूड होतो इतकंच.

नाना_तासगाव
हे मला माहीत नव्हतं. कुटुंबाचा अपवाद एवढा पक्का असेल असं वाटलं नव्हतं. सायली, सात-बाराच्या इतर अधिकारात बघ, काही नोंद आहे का. आमच्याकडे आजीची पोटगी तिथे लागलेली होती आणि बँकेने कर्ज देताना तीच पहिली विचारली.

लेस्टरकर
दीड हजारात आज काय येतं? १९९९ चा आकडा आहे. तो वाढवून मागता येत नाही?

दिवाणी_बाक
मागता येईल असं मला वाटतं, पण हे पक्कं म्हणून घेऊ नका. हिंदू दत्तक व पोटगी कायदा १९५६, कलम २५ म्हणतं, पोटगी कोर्टाने ठरवलेली असो वा कराराने, परिस्थिती बदलली तर रक्कम बदलता येते. त्याच कायद्यात मृताची अविवाहित मुलगी ही त्याची आश्रित धरली आहे, आणि ज्यांनी मिळकत घेतली त्यांनी आश्रिताला त्या मिळकतीतून पोसायचं. तेव्हा १,५०० ही दानाची रक्कम होती असं नाही. आजोबांच्या मिळकतीवरच्या जबाबदारीचा तो आकडा होता, अशी मांडणी करता येते. समोरचा म्हणेल, करारात वाढीचं कलम नाही. यावर भांडावं लागेल. वाढ मागितली तर ती तुमच्या बाबांवरही येईल, हे लक्षात असू द्या.

सायली_वाई
बाबांना विचारलं. म्हणाले, येऊ दे.

खाचर
बाबांना नमस्कार सांगा.

अनघा_प
कोर्ट फी, वकील, या सगळ्याचा खर्च ५४,००० च्या पुढे नाही का जाणार?

दिवाणी_बाक
महाराष्ट्रात बाईने पोटगीचा किंवा मिळकतीच्या वादाचा दावा लावला तर कोर्ट फी माफ आहे. वकील तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो. स्त्री असणं एवढंच पुरेसं आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कोर्टाच्या आवारातच त्यांची खोली असते. दाव्यात थकबाकीबरोबर पुढचे हप्ते आणि खोलीबद्दल मनाई हुकूम, तिन्ही मागा. खोलीचं एकदा भिंत पाडल्यावर मागून काही होत नाही.

सायली_वाई
दोन आठवड्यांनी लिहिते आहे, सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते.

दुय्यम निबंधक कार्यालयातून वाटणीपत्राची प्रमाणित नक्कल काढली. बाबांच्या घरच्या प्रतीचं शेवटचं पान फाटलेलं होतं आणि ते आम्हाला इतकी वर्षं कळलंच नव्हतं. नकलेत त्या पानावर नवव्या कलमात आहे: "कलम ७ मधील रकमेचा बोजा उभय पक्षांचे वाटणीस आलेले मिळकतीवर राहील." पण सात-बाराच्या इतर अधिकारात नोंद नाही. वाटणीचा फेरफार झाला तेव्हा तलाठ्याने हिस्से लावले आणि हे कलम सोडून दिलं. आता नोंदीसाठी अर्ज दिला आहे. पोच घेतली.

विधी सेवा समितीच्या वकीलबाईंनी वही पाहिली. त्यांनी आत्याला विचारलं, "एप्रिलपासूनच्या कोऱ्या ओळी का ठेवल्यात?" ती म्हणाली, "तो देईल तेव्हा भरायला."

नोटीस गेली आहे, पंधरा दिवसांची मुदत देऊन. आत्याला अजून कोर्टात जायचं नाही. भाच्याला लहानपणी तिनेच खांद्यावर घेऊन शाळेत नेलंय. वकीलबाईंनी तिला फक्त एवढंच सांगितलं, की ५ सप्टेंबर येण्याआधी ठरवा.

दिवाणी_बाक
नववं कलम सापडलं हे फार मोठं काम झालं. आता ५ सप्टेंबरची धास्ती पहिल्याइतकी नाही. पण बोजाच्या मुदतीवर समोरचा वाद घालणारच, म्हणून तारीख सांभाळलेली बरी. नोटिशीला उत्तर आलं तर "मी बांधील नाही" एवढंच आहे, की "देईन पण सवडीने" असं काही आहे, ते बघा. दुसरं असेल तर त्यावर त्याची सही आहे ना, हे आधी पाहा.

सायली_वाई
उत्तर आलं की इथेच टाकते.